चूक झाली, पुढचं मिनिट सांभाळा

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी एका ज्येष्ठ रहिवाशांच्या निधनाची बातमी येते. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. तेवढ्यात कुणीतरी आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचं राहिलेलं उत्तर द्यायला जातं आणि त्या रांगेत केकचं चित्र आणि 'मनःपूर्वक अभिनंदन' येऊन पडतं. दुसरीकडे एखाद्या सत्कार समारंभात निवेदक भर व्यासपीठावरून देशमुखांना देशपांडे म्हणून पुकारतो. आणखी कुठेतरी ऑफिसच्या ग्रुपवर 'येताना कोथिंबीर आणि अर्धा किलो भेंडी आण' असा निरोप जातो आणि साहेबांसकट बावीस जण तो वाचतात.

अशी चूक एका क्षणात होऊन जाते आणि तो क्षण काही परत आणता येत नाही. मात्र त्यानंतर माणूस काय करतो, हे पुष्कळसं त्याच्या हातात असतं. बहुतेक जण दोनपैकी एका बाजूला जातात. काही जण चूक झालीच नाही असं दाखवतात. मेसेज गुपचूप पुसतात, चुकलेलं नाव तसंच पुढे रेटतात. काही जण उलट इतकी माफी मागतात की ज्याचं नाव चुकलं त्यालाच चूक करणाऱ्याला धीर देत बसावं लागतं. दोन्हींमध्ये बिघडतं ते एकच: सावरण्याचं माप. चूक जेवढी, तेवढंच सावरणं हवं. हे माप ओळखायचं कसं आणि ते प्रत्यक्ष शब्दांत कसं उतरवायचं, हे शिकता येण्यासारखं आहे.

नाव का चुकतं

आजी नातीला हाक मारताना आधी मुलीचं, मग सुनेचं, मग दुसऱ्या नातीचं नाव घेते आणि चौथ्या खेपेला बरोबर नावावर पोचते. हे आपल्याकडे घरोघरी दिसतं आणि त्याला सहसा वयाचा दोष दिला जातो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सतराशेहून अधिक लोकांना विचारलं होतं, की तुम्हाला ओळखीच्या माणसाने कधी चुकीच्या नावाने हाक मारली का, आणि ते नाव कुणाचं होतं. उत्तरांतून एक गोष्ट ठळक दिसली. नावांची अदलाबदल एकाच गटातल्या माणसांमध्ये होते. घरच्या माणसाला घरच्याच दुसऱ्या माणसाचं नाव मिळतं, मित्राला दुसऱ्या मित्राचं. घरातल्या कुत्र्याचं नावसुद्धा मुलांच्या नावांत मिसळतं, कारण मनात तो कुटुंबातच मोडतो. नावांचा उच्चार सारखा असेल तर चूक थोडी वाढते. चेहरेपट्टीतल्या साम्याचा वाटा मात्र फारच कमी. शिवाय कॉलेजातल्या तरुण मुलांकडूनही अशाच चुका होतात, म्हणजे केवळ वयाकडे बोट दाखवून भागत नाही.

सावरण्याच्या दृष्टीने यातून एक उपयोगी गोष्ट कळते. चुकीचं नाव ऐकणाऱ्याला त्यातून आपण कुठल्या गटात मोजले जातो ते ऐकू येतं. आत्याने भाचीला स्वतःच्या मुलीचं नाव दिलं तर त्यात आपलेपणा आहे. तिथे हसून नाव दुरुस्त केलं की काम झालं. पण पंधरा जणांच्या ऑफिसात ईशान्य भारतातून आलेल्या दोनच मुली असतील आणि साहेब नेमकी त्या दोघींचीच नावं उलटसुलट करत असतील, तर त्या मुलीच्या कानावर पडतं ते असं, की तुम्ही दोघी आम्हाला सारख्याच. जिभेची चूक दोन्हीकडे तीच आहे, लागते मात्र वेगवेगळी. म्हणून पहिल्या ठिकाणी एक शब्द पुरतो. दुसऱ्या ठिकाणी त्या क्षणी दुरुस्ती करून शिवाय पुढचे काही आठवडे ते नाव जाणीवपूर्वक बरोबर घ्यावं लागतं. तिथली खरी माफी ती.

दुरुस्ती त्याच वाक्यात

माणसं बोलताना चुका कशा दुरुस्त करतात, याचा बारकाईने अभ्यास इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स या तीन अमेरिकी अभ्यासकांनी केला. ध्वनिमुद्रित संभाषणं अक्षरशः उतरवून, विरामांसकट तपासून त्यांनी १९७७ मध्ये एक निबंध लिहिला आणि तो आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. त्यांना असं आढळलं, की संभाषणाची घडणच अशी असते की दुरुस्तीची पहिली संधी बोलणाऱ्याला मिळते. बहुतेक चुका माणूस त्याच वाक्यात स्वतः सुधारतो. तसं झालं नाही, तर ऐकणारा लगेच टोकत नाही. तो किंचित थांबतो, बोलणाऱ्याला आणखी एक संधी देतो, आणि मगच काही म्हणतो.

नाव चुकल्यावर हीच संधी घ्यायची असते. बैठकीत तुम्ही म्हणालात, "देशपांडेंनी मागच्या वेळी सुचवलं होतं की..." आणि लक्षात आलं की ते देशमुख. तिथेच थांबायचं. "देशपांडेंनी... नाही, देशमुखांनी, माफ करा. देशमुखांनी मागच्या वेळी सुचवलं होतं की..." आणि पुढे बोलत राहायचं. यात तीन गोष्टी आहेत. चुकीचा शब्द तोडला, बरोबर नाव सांगितलं, आणि तेच नाव पुन्हा एकदा, आता वाक्यात नीट बसवून घेतलं. दुसऱ्यांदा घेतलेलं नाव महत्त्वाचं, कारण श्रोत्यांच्या कानात शेवटी तेच राहतं. माफीचा एकच शब्द मधे येतो आणि वाक्य ज्या कामासाठी सुरू झालं होतं त्या कामाकडे परत वळतं.

व्यासपीठावर हेच थोडं अधिक आदराने करावं लागतं, कारण तिथे नाव हाच मानाचा भाग असतो. "क्षमस्व. आजचे प्रमुख पाहुणे श्री. देशमुख. श्री. देशमुख यांना मी विनंती करतो..." एवढं पुरे. दोन्ही आडनावं 'दे'ने सुरू होतात म्हणून गोंधळ झाला, कागदावर अक्षर नीट नव्हतं, आयोजकांनी यादी उशिरा दिली, असा खुलासा सुरू झाला की सभागृहाचं लक्ष पाहुण्यांवरून उठून निवेदकावर येतं. ज्यांचा मान चुकला त्यांच्याच वेळेत निवेदकाची बाजू मांडली जाते.

चूक त्या क्षणी लक्षातच आली नाही, तर? शेजारच्या काकूंना तुम्ही सहा महिने सुनीताकाकू म्हणत होतात आणि पार्सलवरचं नाव वाचून कळलं की त्या सुनंदा. अशा वेळी पुष्कळ जण नाव घेणंच टाळतात आणि नुसतं "काय म्हणता" यावर निभावतात. त्यांनी मात्र सहा महिने ते चुकीचं नाव ऐकलेलं असतं, त्यामुळे तुमचं टाळणंही त्यांना कळतं. दोघीच असताना एकदा सांगून टाकावं: "काकू, इतके दिवस मी तुम्हाला सुनीताकाकू म्हणत होते. सुनंदा हे नाव आज कळलं. माफ करा हं." नंतरच्या भेटीत "सुनंदाकाकू" अशी स्पष्ट हाक मारावी. ती हाक ऐकली की त्यांच्या लेखी विषय संपतो.

लाज किती, आणि कुणाला दिसते

माप चुकण्याचं मोठं कारण हे, की आपली चूक आपल्याला सगळ्यात मोठी दिसते. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना तो घालणं लाजिरवाणं वाटेल असाच तो निवडला होता. मग विद्यार्थ्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पावभर लोकांना टीशर्टवर कोण होतं ते सांगता आलं. खोलीतला जो तो आपापल्या विचारात असतो, आणि त्यात आपल्या फजितीला वाटते तेवढी जागा मिळत नाही.

म्हणून लाज लपवावी असा मात्र याचा अर्थ नाही. गुन सेमिन आणि अँथनी मॅन्स्टेड यांनी १९८२ मध्ये लोकांना एक प्रसंग चित्रफितीवर दाखवला. दुकानात एक माणूस मांडून ठेवलेल्या कागदी रोलांची उतरंड पाडतो. काही फितींमध्ये तो ओशाळतो, काहींमध्ये निर्विकार राहतो. पाहणाऱ्यांना ओशाळलेला माणूस निर्विकार माणसापेक्षा अधिक आवडला. क्षणभर खाली गेलेली नजर आणि अर्धवट हसू यातून समोरच्याला कळतं, की घडलं ते याला योग्य वाटत नाही. म्हणजे चेहऱ्याने आपलं काम आधीच केलेलं असतं. तोंडाने सांगायचं फार उरत नाही.

इथेच मेसेजची अडचण सुरू होते. मेसेजला चेहरा नसतो. चुकीच्या ग्रुपवर गेलेल्या मजकुराबरोबर आपली खाली गेलेली नजर जात नाही, त्यामुळे तिथे शब्द लिहावेच लागतात. गुपचूप पुसून गप्प बसणं समोरासमोर कधीकधी खपतं तसं ग्रुपवर खपत नाही, त्याचं कारण हे.

फोन हातात असताना

चुकीच्या ग्रुपवर संदेश जाण्यामागे बऱ्याचदा एक साधी गोष्ट असते. व्हॉट्सॲपच्या यादीत ताजा संदेश आलेला ग्रुप आपोआप वर सरकतो. तुमचं बोट बहिणीच्या नावाकडे जात असताना नेमका त्याच क्षणी मोठ्या ग्रुपवर कुणाचा तरी संदेश येतो, यादी एक घर खाली सरकते, आणि बोट पडतं ते त्या ग्रुपवर. वर दोन ग्रुपांना गणपतीचाच फोटो असेल तर उघडल्यावरही लक्षात येत नाही. ज्यांच्याशी रोज बोलणं होतं त्यांची नावं 'पिन' करून ठेवली तर ती वरच स्थिर राहतात आणि हा प्रकार बराच कमी होतो.

संदेश गेलाच, तर पहिलं काम पुसण्याचं, आणि तिथेच दुसरी चूक व्हायची शक्यता असते. पुसताना दोन पर्याय येतात: `Delete for everyone` आणि `Delete for me`. घाबरलेल्या हाताने दुसरा दाबला, तर संदेश फक्त आपल्या फोनवरून जातो. बाकी सगळ्यांना तो दिसत राहतो आणि आपल्याकडे तो नसल्यामुळे तो सगळ्यांसाठी पुसणंही शक्य राहत नाही. असं झाल्यावर तळाशी काही सेकंदच `Undo` दिसतं, ते लगेच दाबावं. एरवी घाईचं कारण नाही. सगळ्यांसाठी पुसण्याची मुदत आता दोन दिवसांहून जास्त आहे. २०१७ मध्ये ही सोय आली तेव्हा ती फक्त सात मिनिटांची होती आणि त्या काळची धांदल अजून पुष्कळांच्या बोटांत आहे. नुसता एखादा शब्द चुकला असेल तर पुसूही नये. पहिल्या पंधरा मिनिटांत तो दुरुस्त करता येतो.

पुसण्याआधी, जमलं तर, आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. आपल्या संदेशावर बोट दाबून धरलं आणि `Info` उघडलं, की ग्रुपमधल्या कुणी तो वाचला आणि कुणाकडे नुसता पोचला हे दिसतं. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांचं वाचणंही ग्रुपच्या बाबतीत यात कळतं. मर्यादा एवढीच, की ज्याने ग्रुप न उघडता वरच्या पट्टीत आलेली सूचना वाचली, तो वाचणाऱ्यांच्या यादीत येत नाही. म्हणून यादीत नाव नाही म्हणजे वाचलं नाही, असं धरून चालू नये. कुणी पुढे पाठवलेली किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवलेली प्रतही आपल्या पुसण्याने जात नाही.

आणि पुसलेल्या जागी 'हा संदेश पुसला गेला' अशी खूण आपल्या नावासह राहते. वाचलेल्यांना मजकूर माहीत असतो, न वाचलेल्यांना कुतूहल वाटतं. म्हणून पुसण्यापाठोपाठ एक ओळ लिहायलाच हवी. भेंडी-कोथिंबिरीच्या बाबतीत ती ओळ "चुकून इथे आला, घरचा निरोप होता" एवढी असावी. तिथे पुसण्याचीही गरज नाही, कारण लपवण्यासारखं काहीच नाही. श्रद्धांजलीच्या रांगेत गेलेल्या अभिनंदनाला मात्र पुसणंही हवं आणि ओळही: "मघाचा संदेश चुकून इथे आला, मनापासून क्षमा मागतो. काकांना भावपूर्ण श्रद्धांजली." या ओळीत क्रम महत्त्वाचा आहे. क्षमा आधी आणि श्रद्धांजली शेवटी, म्हणजे बोलणं दिवंगतांवर येऊन थांबतं. पुढच्या दिवसांत त्या कुटुंबाला भेटायला जाल तेव्हा तो विषय आपण होऊन काढू नये. त्या घरात बोलायला त्याहून मोठं काही असतं.

जेव्हा मेसेज कुणाबद्दल असतो

सगळ्यात अवघड प्रकार हा. समजा, घरी मुंज झाली. धाकट्या नणंदेला आपल्या बहिणीला लिहायचं होतं: "वहिनींनी केटरर ठरवला म्हणून गप्प बसले, पण मसालेभात अगदीच पाणचट होता." हा संदेश गेला तीस जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर, आणि त्यात वहिनी आहेत.

पहिल्या मिनिटात ती `Info` पाहते. पाच जणांनी वाचलं आहे, वहिनींचं नाव त्यात नाही. ती सगळ्यांसाठी पुसते. आता मोह असा होतो, की वहिनींनी वाचलंच नाही, तर गप्प बसावं. पण सूचनेची पट्टी त्यांनी पाहिली असू शकते. शिवाय वाचलेल्या पाचांपैकी कुणी संध्याकाळपर्यंत त्यांना फोन करणार नाही, याची खात्री नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर तेच वाक्य अधिक कडू लागतं. म्हणून ग्रुपवर काही लिहिण्याआधी तिने वहिनींना फोन करावा. मेसेज नको, कारण इथे आवाज लागतो.

फोनवर बोलायचं थोडकंच. "वहिनी, मघाशी ग्रुपवर मी मसालेभाताबद्दल एक वाक्य टाकलं, ते ताईला लिहिलं होतं. तुम्ही इतकी धावपळ केलीत आणि मी असं पाठीमागे लिहिलं, हे माझं चुकलं. तुमच्या कानावर दुसऱ्याकडून यायला नको म्हणून फोन केला." एवढं बोलून थांबायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. त्या रागावतील, गप्प राहतील, किंवा "खरंच पाणचट होता गं, मलाही कळलं" असंही म्हणतील. यांपैकी काहीही असलं, तरी मधे तोंड घालायचं नाही.

काय बोलू नये, हेही तितकंच नेमकं आहे. "फोन मुलाच्या हातात होता" हे खोटं सहसा टिकत नाही, आणि ते उघड झालं की किरकोळ चूक फसवणूक होते. "तुमच्याबद्दल नव्हतंच ते" हे चालत नाही, कारण वाक्यात वहिनींचाच उल्लेख होता. "मनाला लावून घेऊ नका" म्हटलं की लागलं असेल तर दोष वहिनींचा, असं होतं. "मला आता रात्रभर झोप लागायची नाही" या वाक्याने तर वहिनींवरच नणंदेची समजूत काढायची वेळ येते. आणि "भात तसा छान होता" ही माघारही घेऊ नये, कारण मत खोटं नव्हतं. चुकलं ते पाठीमागे बोलणं, माफी तेवढ्याचीच.

फोननंतर ग्रुपवर एकच ओळ: "मघाचा माझा संदेश योग्य नव्हता. वहिनींशी बोलले आहे." इतर वाचणाऱ्यांना यातून एवढं कळतं, की प्रकरण मिटवलं जात आहे आणि त्यांनी त्यात पडण्याची गरज नाही. नंतर दोन दिवस वहिनींच्या प्रत्येक फोटोखाली कौतुकाचा पाऊस पाडू नये. तो ज्यांनी मूळ संदेश वाचला त्यांना लगेच ओळखू येतो, आणि वहिनींनाही.

मोठ्या मंचावरचा एक प्रसंग

या सगळ्या क्रमाची जगासमोर परीक्षा झाली ती २० डिसेंबर २०१५ रोजी, लास व्हेगासमध्ये. मिस युनिव्हर्स स्पर्धेचे सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वी यांनी विजेती म्हणून कोलंबियाच्या आरियाद्ना गुतिएरेस यांचं नाव पुकारलं. मुकुट चढवला गेला, त्या प्रेक्षकांना हात करू लागल्या. प्रत्यक्षात विजेत्या फिलिपिन्सच्या पिया वुर्ट्झबाख होत्या आणि गुतिएरेस पहिल्या उपविजेत्या. काही मिनिटांत हार्वी पुन्हा मंचावर आले. चूक झाली आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. मग उपविजेती कोण आणि विजेती कोण ते सांगितलं, निकालाचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि जबाबदारी आपली आहे असं स्पष्ट म्हटलं. खरी माहिती आधी, पुरावा सोबत, दोष दुसऱ्यावर नाही. थेट प्रक्षेपणात, त्या गोंधळात, यापेक्षा फार काही करता येण्यासारखं नव्हतं.

घसरण झाली ती त्यानंतर. ट्विटरवर माफी लिहिताना घाईघाईत त्यांनी दोन्ही देशांच्या नावांचं स्पेलिंग चुकवलं. तो मजकूर काढून पुन्हा लिहावा लागला, पण तोपर्यंत तो सर्वत्र पसरला होता. चूक नावाची आणि माफीतही नावं चुकीची, असं ते झालं. आपल्या ग्रुपवरच्या ओळीलाही हे लागू आहे. पुसणं ताबडतोब करावं, पण माफीची ओळ पाठवण्याआधी दोनदा वाचावी. विशेषतः तिच्यातलं नाव आणि वर दिसणारं ग्रुपचं नाव. घाबरलेला माणूस एकाच दिवशी दुसऱ्यांदा चुकीच्या ठिकाणी लिहितो, असं होतं. हार्वी पुढच्या स्पर्धेचे सूत्रसंचालकही होते. जानेवारी २०१७ मधली ती स्पर्धा फिलिपिन्सच्याच मेट्रो मनिलामध्ये झाली.

'असू दे' म्हटल्यावर

कॅनडात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये अशा प्रसंगांची चार पावलं सांगितली. कुणाच्या तरी मानाला धक्का लागल्याची नोंद होते, चूक करणारा भरपाई म्हणून काही देऊ करतो, समोरचा ते स्वीकारतो, आणि चूक करणारा त्या स्वीकाराबद्दल आभार मानतो. चौथ्या पावलावर वर्तुळ पूर्ण होतं आणि दोघं आपल्या कामाला लागतात.

आपल्याकडे तिसरं पाऊल बहुतेकदा "असू दे", "अहो, त्यात काय", "होतं असं" या शब्दांत येतं. पुष्कळांचं बिनसतं ते नेमकं इथे. "असू दे" ऐकल्यावर "नाही पण खरंच, मला इतकं वाईट वाटतंय" असं पुन्हा सुरू केलं, की आपण दुसऱ्या पावलावर परत जातो आणि समोरच्याला तिसरं पुन्हा टाकावं लागतं. प्रत्येक जादा माफीमागे त्याला एक जादा "असू दे" खर्च करावा लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तो शब्द कोरडा होतो. म्हणून "असू दे" आलं, की "बरं, थँक यू" म्हणून कामाचं बोलावं. दुसऱ्या दिवशी भेट झाली तर कालचा विषय काढू नये, आणि भेट टाळूही नये.

"असू दे" तोंडाने आलं पण मनातून आलं नाही, हे ओळखण्याच्या खुणा असतात. रोज आपण होऊन बोलणारं माणूस विचारल्यापुरतं उत्तर देतं, 'तू'वरून 'तुम्ही'वर जातं, ग्रुपवर आपल्या संदेशाखाली काही लिहीत नाही. हे आठवडाभर टिकलं, तर चूक आपल्याला वाटली त्यापेक्षा मोठी होती. मग पहिल्यासारखीच माफी पुन्हा मागून उपयोग नाही. "त्या दिवशीचं अजून मनात आहे असं वाटतंय. मला ऐकायचंय" असं म्हणून समोर बसावं लागतं. दुसऱ्याचं आजारपण, पगार, घटस्फोट असलं काही आपल्या हातून फुटलं, तर ती मुळातच किरकोळ चूक नव्हे. तिथे ग्रुपवरच्या ओळीने काही होत नाही. ज्याची गोष्ट फुटली त्याला आधी सांगायचं आणि कुणी कुणी वाचलं हेही खरं सांगायचं, म्हणजे पुढे कुणाला काय म्हणायचं ते त्याला ठरवता येतं.

दुसऱ्याचं चुकलं तर

सावरण्याचा अर्धा भाग ऐकणाऱ्याकडे असतो. गेल जेफरसन यांनी पुढे १९८७ मध्ये दाखवून दिलं, की दुसऱ्याची चूक दोन रीतींनी सुधारली जाते. एकात बोलणं थांबवून चुकीवर बोट ठेवलं जातं. दुसऱ्यात ऐकणारा आपल्या पुढच्या वाक्यात बरोबर शब्द सहज वापरतो, बोलणारा तो उचलतो, आणि चुकीचा उच्चारही न होता संभाषण पुढे जातं. घरातल्या मोठ्यांशी बोलताना ही दुसरी रीत फार कामाची आहे. काका म्हणाले, "त्या नागपूरच्या सुलभाला बोलवा." तुम्हाला माहीत आहे की नागपूरची ती शलाका. "हो काका, शलाकाला आजच फोन करते" एवढं म्हटलं, की काका पुढच्या वाक्यात शलाकाच म्हणतात आणि चारचौघांत त्यांना कुणी चुकवलेलं नसतं. पत्रिकेवर, चेकवर किंवा औषधाच्या चिठ्ठीवर नाव जाणार असेल, तर मात्र एवढ्यावर सोडू नये, स्पष्ट विचारावं.

ग्रुपवर कुणाचा निरोप भरकटून आला, तर तिथे हशा पिकवणारं चित्र टाकण्याआधी त्या व्यक्तीला वेगळा मेसेज करावा: "तुमचा एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आलाय, बघा." पुसायचा की ओळ लिहायची, हे त्यांना ठरवू द्यावं. त्यांनी ओळ लिहिली, की त्याखाली पहिलं "असू दे" आपण लिहावं. ग्रुपवर पहिलं उत्तर जसं येतं, त्याच सुरात पुढची दहा उत्तरं येतात.